मधला आकडा, चालता चालता

टाकीतली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आकडे पाठवत राहतो. पाणी हललं की एखादा आकडा भलताच येतो. सरासरी त्याच्यामागे फरफटत जाते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, फारसा जागचा हलत नाही. पण शेवटच्या दोनशे आकड्यांचा मध्यक सतत हवा असेल, तर दर वेळी सगळे पुन्हा क्रमाने लावणं हा नसता उद्योग.

त्यापेक्षा कुठल्या टप्प्यात किती आकडे आहेत, एवढंच मोजावं. समजा आकडे ० ते १५ एवढेच येतात. सर्वांत वर एकूण संख्या लिहायची. खाली दोन फांद्या, ० ते ७ आणि ८ ते १५. त्यांच्या पुन्हा दोन-दोन, असं करत एकेका आकड्यापर्यंत उतरायचं. प्रत्येक जागी फक्त मोजणी.

आता ३, ५, ५, ९, ११, १२, १४ असे सात आकडे आले आहेत. मध्यक म्हणजे चौथा. डाव्या फांदीत तीनच आहेत, म्हणून उजवीकडे वळायचं आणि तिथला पहिला शोधायचा. ८ ते ११ मध्ये दोन आहेत, तिकडे. ८ आणि ९ मिळून एक आहे, तिकडे. ८ वर शून्य, म्हणजे उत्तर ९. चार पायऱ्यांत काम झालं.

नवा २ आला, तर वरपासून त्याच्यापर्यंतच्या पाच मोजण्या एकेकाने वाढतात. आता आकडे आठ. चौथा ५, पाचवा ९, मध्यक ७. जुना आकडा काढायचा तर त्याच वाटेने एकेक वजा. मात्र कोणता आकडा केव्हा आला, याची रांग वेगळी ठेवावी लागते. न आलेला आकडा चुकून वजा झाला, की कुठेतरी मोजणी शून्याखाली जाते. चूक पकडायची खूण हीच.

आर्डुइनो उनोवर सेन्सरचं वाचन ० ते १०२३ येतं. म्हणजे दहा पायऱ्या, पण मोजण्या २०४७. प्रत्येकीला एक बाइट धरला तरी त्या बोर्डाची २०४८ बाइटची रॅम तिथेच संपली! पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रचनेत हेच काम १०२४ मोजण्यांत भागतं. फक्त एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मोजता येतं, म्हणून एका वेळी तेवढेच आकडे धरायचे.

आकड्यांची कमाल मर्यादा आधी ठाऊक नसेल, तर मर्यादेबाहेरचे सगळे शेवटच्या कप्प्यात टाकावेत. मध्यक त्या कप्प्यात पोचत नाही तोवर उत्तर अचूकच राहतं, कारण त्याला फक्त क्रम लागतो. आणि पाच-सात आकड्यांचाच मध्यक हवा असेल, तर या वृक्षाच्या वाटेला जाऊ नका. सरळ क्रमाने लावा आणि मधला उचला.