‘सलाम भाई, काय झालं?’ या मेसेजला उत्तर का येत नाही

खाडी देशातल्या नोकरीचा सगळा व्यवहार आता व्हॉट्सअॅपवर चालतो. मुंबईतला रिक्रूटर जाहिरात स्टेटसला टाकतो, सीव्ही व्हॉट्सअॅपवर मागवतो, इंटरव्ह्यूची लिंकही तिथंच पाठवतो. ईमेल केला तर कोणी उघडत नाही आणि फोन लावला तर ‘मेसेज करा’ म्हणतात. इंटरव्ह्यूपर्यंत सगळं पटापट होतं, त्यानंतर मात्र शांतता पसरते. घरी अब्बा रोज विचारतात, ‘काही कळलं का?’ आणि मुलगा रोज मेसेज टाकत राहतो.

चिपळूणजवळच्या एका तरुणाचंच उदाहरण घ्या. दम्मामच्या एका कंपनीत स्टोअरकीपरच्या जागेसाठी त्याचा बुधवारी, 5 तारखेला व्हिडिओ इंटरव्ह्यू झाला. रिक्रूटर म्हणाला, ‘क्लायंट आठ दिवसांत सांगेल.’ यानं पाचव्या दिवसापासूनच सुरुवात केली. आधी ‘सलाम भाई’, मग ‘काय झालं?’, मग नुसतं प्रश्नचिन्ह. दोन मिस्ड कॉल दिले, दीड मिनिटाची व्हॉइस नोट पाठवली. मधे त्याच्या चुलत्यांनीही स्वतःच्या नंबरवरून फोन करून पाहिला. ब्लू टिक आल्या, पण उत्तर काही आलं नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की एजंट फसवणारा आहे.

तो फसवणारा नव्हता. त्याच्या फोनवर जे दिसत होतं ते समजून घेतलं की गाठ सुटते. रिक्रूटरकडे एका वेळी शेकडो उमेदवारांचे चॅट असतात आणि बहुतेकांचे नंबर सेव्ह केलेले नसतात. चॅटच्या यादीत त्याला फक्त नंबर किंवा प्रोफाइलचं नाव आणि मेसेजचे सुरुवातीचे काही शब्द दिसतात. ‘सलाम भाई, काय झालं?’ यावरून कोण, कुठली जागा, कधीचा इंटरव्ह्यू, काहीच कळत नाही. ते शोधायला त्याला चॅट उघडून वर सरकत जावं लागणार. तो ‘नंतर बघू’ म्हणून पुढं जातो आणि ते नंतर कधी येतच नाही. व्हॉइस नोटचं त्याहून वाईट होतं, कारण आत काय आहे हे चॅटच्या यादीत दिसतच नाही.

म्हणून पहिल्याच ओळीत नाव, जागा आणि शहर आलं पाहिजे. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं, कारण रिक्रूटरच्या यादीतही ते तसंच असतं. प्रोफाइलचं नाव ‘किंग खान’ किंवा ‘मम्मीचा लाडका’ असेल तर तेवढं बदलून घ्यावं. सलाम जरूर करा, पण थोडक्यात. ‘व रहमतुल्लाहि व बरकातुहू’पर्यंत सगळं लिहिलं तर यादीत दिसणारी जागा त्यातच संपते. समोरचा मुस्लिम नसेल तर ‘नमस्कार सर’ पुरेसं आहे. आणि दर शुक्रवारी जुम्मा मुबारकचं फुलांचं चित्र रिक्रूटरला पाठवू नका. दुआ चांगली आहे, पण त्या चित्राखाली आपलाच कामाचा मेसेज वर ढकलला जातो.

आता वेळ. आठ दिवस म्हटले म्हणजे गुरुवार, 13 तारीख. त्याच रात्री मेसेज टाकून उपयोग नाही, कारण सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी तिथलं ऑफिस उघडतं तेव्हा मुंबईचं बंद असतं. दोन्हीकडची ऑफिसं एकत्र चालू असणारा पुढचा दिवस सोमवार. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं आहे. सकाळी अकराला मेसेज केला तर तिथं साडेआठ वाजलेले असतात आणि रिक्रूटर त्याच दिवशी क्लायंटला विचारू शकतो. दुबईचं गणित वेगळं आहे. तिथं 2022 पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस असतो. रमजानमध्ये तिकडे कामाचे तास कमी होतात आणि ईदच्या सुट्ट्या लांबतात, त्यामुळे त्या काळात दिलेली मुदत पुढं सरकणार हे धरूनच चालावं.

त्या तरुणानं सोमवारी, 17 तारखेला रिक्रूटरचा ‘आठ दिवसांत सांगेल’ हा मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच रिप्लाय दिला, म्हणजे जुना संदर्भ वर आपोआप आला. नवा मेसेज एवढाच होता. नावाची जागा इथं रिकामी ठेवली आहे:

‘अस्सलामु अलैकुम सर, मी ………, स्टोअरकीपर, दम्माम. 5 तारखेला क्लायंट इंटरव्ह्यू झाला होता. निकाल आला आहे का? पासपोर्ट आणि अनुभवाचे दाखले तयार आहेत.’

यात प्रश्न एकच आहे, आणि त्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अजून नाही’ एवढं उत्तर चालतं. पगार, व्हिसा, तिकीट हे सगळं त्यात घातलं असतं तर रिक्रूटरला बसून लिहावं लागलं असतं. रिक्रूटर हिंदी किंवा इंग्रजीत लिहीत असेल तर आपणही त्याच भाषेत लिहावं, क्रम हाच ठेवावा. तासाभरात उत्तर आलं, ‘आज विचारतो.’

साधारणपणे यानंतर आठवडाभर थांबायचं. पण सांगण्यासारखं काही नवीन घडलं तर आधी लिहिलेलं चालतं. मंगळवारी त्याला लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीनं बोलावलं आणि शनिवारपर्यंत होकार मागितला. अशा वेळी काही मुलं ‘मला दुसरीकडे जास्त पगार मिळतोय’ असं धमकीसारखं लिहितात, किंवा नसलेली ऑफर सांगतात. रिक्रूटर रोज हेच वाचतो आणि ‘मग तिकडे जा’ म्हणून मोकळा होतो. यानं बुधवारी खरं तेच लिहिलं:

‘सर, मी ………, स्टोअरकीपर, दम्माम. इथल्या एका कंपनीला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती दम्मामच आहे. गुरुवारपर्यंत क्लायंटकडून काही कळू शकेल का?’

शनिवारची मुदत असताना गुरुवार का? शुक्रवारी दम्माममध्ये विचारायला कोणी भेटणार नाही म्हणून. एवढी तारीख नीट मागितली की रिक्रूटरलाही क्लायंटला सांगायला कारण मिळतं.

कधी उत्तराऐवजी पैशाची मागणी येते. ‘जागा पक्की करायची तर आज इतके टाका’ असा मेसेज आला तर घाईनं काही करू नका. परदेशी भरतीसाठी एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, त्याचा परवाना क्रमांक ईमायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. इथंही लांब भांडण नको. ‘सर, आपला परवाना क्रमांक आणि पावती कोणत्या नावानं मिळेल ते कळवा’ एवढी ओळ पुरते. खरा माणूस क्रमांक पाठवतो. जो चिडतो, किंवा कोणाच्या तरी खासगी खात्यावर पैसे टाकायला सांगतो, त्याला पासपोर्टही देऊ नये.

दोन नीट मेसेजना आठ-आठ दिवस उत्तर आलं नाही तर तिसरा न टाकता ऑफिसच्या नंबरवर एकदा फोन करावा. पहिल्यापासून एकच राखाडी टिक दिसत असेल तर मेसेज पोहोचलेलाच नाही. मग ब्लू टिकची वाट बघण्यात अर्थ नाही.

त्या तरुणाला गुरुवारी दुपारी उत्तर मिळालं. क्लायंटनं भरती दोन महिने पुढं ढकलली होती. त्यानं शनिवारी लोट्याला होकार कळवला आणि रिक्रूटरला शेवटचा मेसेज टाकला: ‘कळवल्याबद्दल शुक्रिया सर. सध्या इथं रुजू होत आहे. दम्मामची भरती पुन्हा निघाली तर जरूर कळवा.’ रिक्रूटरनं त्याचा नंबर सेव्ह केला, नावापुढं ‘स्टोअरकीपर’ लिहून.