बियाण्याच्या पाकिटावरील आकडे कसे वाचावेत

पावसाळा तोंडावर आला की पेडणे-डिचोलीच्या घराघरांत भेंड्याच्या बियांची पाकिटे येतात. कोणी बाजारातून आणतो, तर कोणाचा परदेशी असलेला मुलगा पाठवतो. पाकिटावरील मजकूर इंग्रजीत असतो आणि मापे शेतकऱ्याच्या हेक्टरची नाहीतर अमेरिकेच्या इंचांची. परसात चार हातांचा वाफा करणाऱ्या गृहिणीने त्यातून काय घ्यावे, ते आज भेंडीचेच उदाहरण घेऊन पाहू.

आपल्याकडील पाकिटावर बहुधा '६० गुणिले ४५ सेंमी' असे छापलेले असते. यातील पहिला आकडा दोन ओळींमधील अंतराचा आणि दुसरा त्याच ओळीतील दोन झाडांमधील अंतराचा. ४५ सेंटीमीटर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात. ६० सेंटीमीटर म्हणजे एक हात आणि वर वितीपेक्षा थोडे कमी. तरी सगळ्यांचे हात सारखे नसतात. म्हणून माडाच्या झावळीचा एक दांडा घेऊन त्यावर पट्टीने १५, ४५ आणि ६० च्या खुणा कोयत्याने करून ठेवाव्यात. तो दांडा पुढे मिरची-वांग्यालाही उपयोगी पडतो.

'हेक्टरी १० किलो बियाणे' हे वाक्य वाचून पुष्कळजण पाकीट बाजूला ठेवतात. वास्तविक हिशेब सोपा आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर आणि दहा किलो म्हणजे दहा हजार ग्रॅम. तेव्हा एका चौरस मीटरला एक ग्रॅम. कोणत्याही बियाण्याच्या हेक्टरी किलोंना दहाने भागले की चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात.

आता तीन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असा वाफा घ्या. ६० सेंटीमीटरवर त्यात दोन ओळी बसतात. टोकाला १५ सेंटीमीटर सोडून दर ४५ सेंटीमीटरवर खूण केली, तर एका ओळीत सात जागा होतात, म्हणजे एकूण चौदा. प्रत्येक जागी तीन बिया टाकल्या तर बेचाळीस बिया लागतील. भेंडीच्या एका ग्रॅममध्ये साधारण पंधरा बिया भरतात. म्हणजे तीन ग्रॅमचे एक छोटे पाकीट पुरे.

एका जागी तीन बिया कशाला, असे कोणी विचारील. पाकिटावर उगवणीचा आकडा पाहावा. भेंडीच्या बियाण्यासाठी आपल्या देशात किमान ६५ टक्के उगवण ठरवलेली आहे. तीन बियांतून दोन उगवल्या तरी बियाणे चांगलेच समजावे.

यानंतर इंग्रजी पाकिटावर 'थिन टू १८ इंच' असे शब्द येतात. याचा अर्थ बी अठरा इंचांवर पेरा असा नव्हे. बिया जवळजवळ पेराव्यात आणि रोपे वीतभर होण्याआधी जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत, म्हणजे विरळणी करावी, असा तो अर्थ आहे. अठरा इंच म्हणजे तोच आपला एक हात. रोपे ओढून उपटू नयेत, शेजारच्या रोपाची मुळे हलतात. कात्रीने बुडाशी कापावीत. विरळणीला आमच्या बायकांचा जीव होत नाही, हे आम्ही जाणतो. पण दाट राहिलेले भेंडे उजेडासाठी नुसते उंच वाढते, बुंधा बारीक राहतो आणि फळे थोडी लागतात.

खोलीचा आकडा 'एक-द्वितीयांश इंच' म्हणजे अर्धा इंच, सव्वा सेंटीमीटर. बोटाच्या पहिल्या पेराचा अर्धा भाग. तो 'एक ते दोन इंच' असा वाचला की बी खोल जाते आणि आपल्या जून महिन्याच्या पावसात कुजते. आठ-दहा दिवसांत काही वर आले नाही तर एक बी उकरून पाहावे. मऊ होऊन कुजलेले असेल तर पाणी साचले किंवा बी खोल गेले. टणक आणि जसेच्या तसे असेल तर त्याला ओल मिळाली नाही. साधे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरले तर लवकर रुजते.

मात्र बी गुलाबी किंवा निळे रंगवलेले असेल आणि पाकिटावर थायरमसारखे नाव असेल, तर ते विषारी औषध लावलेले आहे. असे बी भिजवू नये, पेरल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले बी मुलांच्या व कोंबड्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही असे ठेवावे.

'शेवटच्या हिमानंतर पेरा' हे परदेशी पाकिटावरील वाक्य गोव्यात सोडून द्यावे. त्याचा हेतू एवढाच की माती १८ अंश सेंटीग्रेडच्या वर, म्हणजे त्यांच्या मापाने ६५ अंश फॅरनहाइटच्या वर असावी, आणि आपली माती तेवढी उबदार असतेच. आपल्याला सांभाळायचे ते साचणारे पाणी. म्हणून पावसाळी वाफा वीतभर उंच करावा. '५५ दिवस' हा आकडा भेंडीत पेरणीपासून मोजतात. मिरची-टोमॅटोच्या पाकिटावर मात्र तो बहुधा रोप लावल्यापासूनचा असतो, तेव्हा रोपवाटिकेतील महिनाभर त्यात वेगळा मिळवावा.