दावा कोणाचा, खटला कोणाचा?

शेताचा बांध कोरण्यावरून दोन शेजाऱ्यांत तंटा होतो. एक जण दुसऱ्याची पाच गुंठे जमीन नांगरून आपल्या शेतात घेतो आणि अडवावयास आलेल्या शेजाऱ्यास काठीने मारतो. त्यात शेजाऱ्याच्या हाताचे हाड मोडते. प्रसंग एकच असला, तरी कायद्याच्या दृष्टीने येथे दोन स्वतंत्र प्रकरणे उद्भवतात.

जमिनीचा प्रश्न दिवाणी होय. ती परत मिळविण्यासाठी शेजाऱ्यानेच वादी होऊन, न्यायालय शुल्क भरून, दावा लावावा लागतो. पोलीस अथवा शासन त्याच्या वतीने तो लावीत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 प्रमाणे ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास मालकी सिद्ध करावी लागत नाही. आपला ताबा होता व तो कायदेशीर मार्गावाचून काढून घेतला गेला, एवढे दाखविणे पुरेसे असते. ही मुदत पुष्कळांच्या हातून फौजदारीच्या निकालाची वाट पाहण्यात निसटते. त्यानंतर मालकीच्या आधारे दावा करता येतो, पण मग मोजणी, दस्तऐवज आणि हक्काचा सारा इतिहास न्यायालयापुढे मांडावा लागतो.

मारहाणीचे प्रकरण फौजदारी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार हाड मोडणे ही जबर दुखापत असून तो दखलपात्र अपराध आहे. जखमी इसमाने फिर्याद दिली, की तपास पोलीस करतात आणि खटला महाराष्ट्र शासनाच्या नावाने चालतो. तेथे फिर्यादी हा पक्षकार नसून मुख्य साक्षीदार असतो. बाजू सरकारी अभियोक्ता मांडतो. म्हणूनच पुढे गावात समेट झाला, तरी फिर्यादीस खटला आपल्या मर्जीने काढून घेता येत नाही. जबर दुखापतीच्या या अपराधात तडजोडीस न्यायालयाची परवानगी लागते.

हाड न मोडता हत्याराविना केवळ साधी दुखापत झाली असती, तर अपराध अदखलपात्र ठरला असता. अशा वेळी पोलीस नोंद घेतात, मात्र न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. जखमी इसमास स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार दाखल करता येते. फौजदारी खटला नेहमी सरकारच आणते, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळदा एकच न्यायाधीश ही दोन्ही कामे चालवितो, आणि त्यामुळे पक्षकारांचा घोटाळा अधिकच वाढतो. पुराव्याची कसोटी मात्र निराळी असते. दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहतात. खटल्यात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. आरोपी दोषी ठरून शिक्षा झाली, तरी ते पाच गुंठे आपोआप परत मिळतीलच असे नाही. आणि तो निर्दोष सुटला, तरी शेजाऱ्याचा दिवाणी दावा तेवढ्यावरून बुडत नाही.