पार्सलातील कार्ड : आभाराचे आणि काळजीचे

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. तेथे घडलेला माल पूर्वी पेढ्यांमार्फत गावोगावी जात असे. आता तोच माल घरपोच पार्सलाने थेट ग्राहकाच्या हाती पडतो. या बदलात एक गोष्ट मात्र हरवली. पेढीवर दागिना देताना व्यापारी दोन शब्द सांगत असे : अत्तर लावून झाल्यावर घाला, ओले ठेवू नका, काळे पडले तर घेऊन या. पार्सलात हे दोन शब्द कागदावरच जाऊ शकतात, आणि ग्राहक पुन्हा येतो की नाही हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

याचे कारण चांदीच्या स्वभावात आहे. हवेतील गंधकयुक्त वायू, घाम आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या संपर्काने चांदीच्या पृष्ठभागावर काळसर थर चढतो. ९२.५ टंच चांदीत उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो, आणि तोही काळवंडण्यास हातभार लावतो. रोज वापरातले पैंजण काही आठवड्यांतही निस्तेज होऊ शकते. ज्या ग्राहकाला हे आधी सांगितलेले नाही, तो एकच अर्थ काढतो : माल खोटा निघाला. अशा ग्राहकांपैकी पुष्कळजण तक्रारही करीत नाहीत. ते फक्त दुसऱ्या दुकानाकडे वळतात. तोच ग्राहक आधी सावध केलेला असेल, तर काळेपणा पाहून तो कार्ड शोधतो आणि पेढीला विचारतो. एकाच घटनेतून एकीकडे अविश्वास जन्मतो आणि दुसरीकडे नवा संवाद.

म्हणून कार्डाची रचना करताना पहिला प्रश्न दिसण्याचा नसून टिकण्याचा आहे. मोठे, चकचकीत आभारपत्र वाचून बाजूला टाकले जाते. दागिन्याच्या डबीत मावणारे कार्ड दागिन्याबरोबर राहते. व्हिजिटिंग कार्डाच्या मापाची, म्हणजे सुमारे ९० × ५५ मिलिमीटरची, एक घडी पुरते. कागद उघडल्यावर ९० × ११० मिलिमीटर होतो आणि चार पाने मिळतात. दर्शनी पानावर आभार, आतील दोन पानांवर काळजी आणि मागे संपर्क, अशी वाटणी सोयीची ठरते.

कागद सुमारे २५० ते ३०० जीएसएमचा, लॅमिनेशन नसलेला घ्यावा, कारण दर्शनी पानावर ग्राहकाचे नाव पेनाने लिहायचे असते आणि लॅमिनेशनवर शाई पुसते. गडद रंगावर पांढरी देवनागरी अक्षरे बारीक छापली तर मात्रा आणि अनुस्वार भरून जातात; काळजीचा मजकूर पांढऱ्यावर काळ्या शाईने, किमान ९ पॉइंट आकारात असावा. छापण्यापूर्वी एक प्रत घरातील वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय वाचायला द्यावी. क्यूआर कोड छापायचा असेल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा, आणि पूर्ण छपाईआधी नमुना प्रतीवरून दोन-तीन फोनांनी तपासावा. आणखी एक काळजी : कार्ड चांदीला थेट टेकू नये. काही कागदांत, तसेच वर्तमानपत्रात आणि रबरबँडमध्ये, चांदी काळी करणारे गंधकाचे अंश असू शकतात. दागिना झिप पिशवीत, कार्ड पिशवीबाहेर पण डबीच्या आत, हा क्रम पॅकिंग करणाऱ्यांना नीट समजावून द्यावा.

मजकूर थोडका आणि खरा असावा. ‘कधीही काळे पडणार नाही’ हे वाक्य पहिल्याच महिन्यात पेढीची पत घालवते. साध्या, खडे किंवा मीना नसलेल्या पैंजणासाठी मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘हे पैंजण ९२.५ टंच चांदीचे आहे. वापरात ते काळवंडू शकते. हा चांदीचा स्वभाव आहे, भेसळीची खूण नव्हे. वापरल्यावर मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसा आणि झिप पिशवीत ठेवा. अत्तर व क्रीम लावून वाळल्यावरच घाला. काळेपणा आल्यास कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडे करा. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात. तरीही काळे राहिल्यास आम्हाला कळवा, पॉलिश करून देऊ.’

अर्थात टंच छापायचा तो मालाचा खरा असेल तोच, आणि पॉलिशचे शेवटचे वाक्य पेढी खरोखर पाळणार असेल तरच. ते फुकट की शुल्क घेऊन, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे तेथेच स्पष्ट लिहावे. पुन्हा येण्याचा खरा रस्ता हेच वाक्य उघडते, कारण पॉलिशसाठी पैंजण पाठवणाऱ्या ग्राहकाला नवा नमुना दाखवता येतो.

सर्व मालाला एकच कार्ड चालत नाही. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियमची पन्नी वापरून चांदी उजळण्याची युक्ती साध्या चांदीवर चालते. ऑक्सिडाइज्ड दागिन्यावर मात्र मुद्दाम दिलेली काळी छटाच त्यात निघून जाते, आणि मीनाकारीला किंवा चिकटवलेल्या खड्यांना गरम पाणी धोक्याचे असते. म्हणून निदान तीन कार्डे हवीत : साध्या, ऑक्सिडाइज्ड आणि मीना-खड्यांच्या मालासाठी. दर्शनी घडीला वेगळ्या रंगाची बारीक पट्टी दिल्यास पॅकिंगमध्ये गफलत होत नाही.

कार्डावर सवलतीचा कोड घालावा का? तो घातला की वापराचे आकडे दिसतात आणि कार्ड यशस्वी वाटते. पण त्यातले काही ग्राहक तसेही परतणारच होते. त्यांना दिलेली सवलत निव्वळ खर्च असते. फरक पाहण्याचा सोपा मार्ग असा : सम क्रमांकाच्या पार्सलात नवे कार्ड घालावे, विषम क्रमांकाच्या पार्सलात जुनेच आभारपत्र. चार महिन्यांनी, कोड वापरला की नाही हे न पाहता, दोन्ही गटांतील किती ग्राहकांनी पुन्हा मागणी केली ते मोजावे. समजा प्रत्येक गटात १५० पार्सले गेली. जुन्या गटातून १२ आणि नव्यातून १७ परतले, तर तो फरक योगायोगाचाही असू शकतो. प्रयोग आणखी चालू ठेवावा. १२ विरुद्ध ३० आले, तर कार्डाने काम केले असे मानायला हरकत नाही. त्याच वेळी ‘चांदी काळी पडली’ अशा तक्रारी आणि परत आलेला मालही दोन्ही गटांत वेगळा नोंदवावा. पुष्कळदा कार्डाचा पहिला लाभ तेथेच दिसतो.

माल इतरांच्या ऑनलाइन बाजारमंचावरून विकला जात असेल, तर तेथील नियम आधी वाचावेत. सवलत देऊन चांगला अभिप्राय मागणे किंवा ग्राहकाला स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळवणे मोठ्या मंचांवर वर्ज्य आहे, आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते. तेथे कार्डावर केवळ आभार आणि काळजी असावी. काळजीचा मजकूर प्रामाणिक असेल, तर डबी पुन्हा उघडताना पेढीचे नाव ग्राहकासमोर येईल.