व्यायाम, खंडित तीव्र व सलग
थोडा वेळ जोरकस श्रम व थोडा वेळ हलकी हालचाल अशी आवर्तने करण्याच्या पद्धतीस खंडित तीव्र व्यायाम (हिट) म्हणतात. एकाच मध्यम गतीने दीर्घकाळ चालणे, पळणे वा सायकल चालविणे हा सलग व्यायाम (कार्डिओ) होय. वसा (चरबी) घटविण्याच्या दृष्टीने दोहोंतील मुख्य भेद वेळेचा आहे.

तीव्र व्यायामानंतर काही काळ शरीर नेहमीपेक्षा अधिक ऑक्सिजन वापरते व त्यामुळे दिवसभर वसा जळत राहते, असा समज रूढ आहे. हा परिणाम खरा असला, तरी अल्प आहे. व्यायामातील एकूण ऊर्जाव्ययाच्या मानाने तो सामान्यतः दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. वसा किती घटते हे मुख्यतः एकूण ऊर्जाव्यय व आहार यांवर ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात स्थूल प्रौढांमधील वसाघट दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखीच आढळली. मात्र खंडित व्यायामास सु. ४० टक्के कमी वेळ लागला.

उदाहरणार्थ, ७० किग्रॅ. वजनाची व्यक्ती ताशी सु. ६·५ किमी. वेगाने ४५ मिनिटे चालल्यास सु. २६० किलोकॅलरी खर्च होतात. त्याच व्यक्तीने ४ मिनिटे अंग तापवून, १ मिनिट वेगाने पळणे व १ मिनिट चालणे अशी ८ आवर्तने केल्यास २० मिनिटांत, नंतरचा वाढीव व्यय धरून, सु. १६० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे दर मिनिटास खंडित व्यायाम सरस, पण दर खेपेस सलग व्यायाम अधिक फलदायी ठरतो. आठवड्यास एकच तास मिळत असेल, तर खंडित व्यायामाच्या तीन खेपांत सु. ४८० किलोकॅलरी खर्च होतात, तर तासभर चालण्यात सु. ३५०. एक किग्रॅ. वसा-ऊतकात सु. ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असल्याने ४८० किलोकॅलरींचे मोल सु. ६० ग्रॅ. इतकेच भरते. प्रत्येक खेपेनंतर दोन पोळ्या जादा खाल्ल्यास तेही उरत नाही.

खंडित व्यायामातील सामान्य चूक म्हणजे श्रमाचा जोर अपुरा ठेवणे. जोरकस मिनिटात एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. सलग व्यायामात वाक्य बोलता यावे, पण गाता येऊ नये. शेवटच्या आवर्तनांत वेग फार घसरल्यास आरंभ अतिवेगाने झाला किंवा विश्रांती अपुरी पडली, असे समजावे. सांधे व स्नायू पूर्ववत होण्यासाठी दोन खेपांमध्ये एक दिवस सोडणे इष्ट असते. हृद्‌रोग, अनियंत्रित रक्तदाब वा छातीत दुखण्याची तक्रार असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणीशिवाय तीव्र आवर्तने करू नयेत. दीर्घकाळ बैठे जीवन जगलेल्यांनी प्रथम काही आठवडे सलग चालण्याचा सराव करणे अधिक सुरक्षित ठरते.