एका स्क्रीनशॉटमधले चार आकडे

देवगडचा एक आंबा बागायतदार आणि त्याचं इन्स्टाग्राम खातं सांभाळणारा पुण्यातला भाचा, अशी जोडी डोळ्यांसमोर आणू. एप्रिल संपताच भाचा डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट मामाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यावर महिन्याभराचे चार आकडे आहेत: रीच १२,४००, इम्प्रेशन्स ३१,०००, एंगेजमेंट ९३०, फॉलोअर वाढ १४०. माणसं आणि आकडे दोन्ही कल्पित आहेत, पण असे स्क्रीनशॉट आज गावोगावच्या छोट्या व्यावसायिकांच्या फोनमध्ये असतात. मामाची नजर सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते आणि तो सांगू लागतो, ‘एकतीस हजार लोकांनी आपला आंबा बघितला.’

तसं झालेलं नाही. इम्प्रेशन्स म्हणजे पोस्ट किती वेळा कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनवर आली त्याची मोजणी. रीच म्हणजे ती किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचली त्याची मोजणी. रत्नागिरीच्या एखाद्या बाईंनी पेटी भरतानाचा व्हिडिओ सकाळी पाहिला, दुपारी नवऱ्याला दाखवायला पुन्हा उघडला आणि रात्री तो आपोआप समोर आला, तर इम्प्रेशन्स तीन आणि रीच एक. नवऱ्याने त्यांच्याच फोनवर पाहिलं, त्यामुळे तो हिशेबात येतच नाही. मामाच्या बाबतीत ३१,००० ला १२,४०० ने भागलं की अडीच येतं, म्हणजे एकेका खात्यासमोर त्याच्या पोस्ट सरासरी अडीच वेळा आल्या. इन्स्टाग्रामने २०२४ पासून इम्प्रेशन्सऐवजी ‘व्ह्यूज’ हा आकडा पुढे आणला आहे, त्यामुळे नव्या स्क्रीनशॉटमध्ये तो शब्द दिसतो. तोही वेळाच मोजतो, माणसं नव्हे.

रीचची खरी गोम मात्र पुढे आहे. डॅशबोर्डवर रोजच्या रीचचा आलेखही असतो. मामाने तीस दिवसांचे आकडे कागदावर मांडून बेरीज केली, तर ती समजा १९,८०० भरली. वर तर १२,४०० लिहिलंय! भाच्याने चूक केली की काय, अशी शंका मामाला येणं स्वाभाविक आहे. पण चूक बेरजेत आहे. ज्या खात्याने सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी पोस्ट पाहिली, ते त्या तिन्ही दिवसांच्या रीचमध्ये एकेकदा धरलं जातं. महिन्याच्या रीचमध्ये मात्र ते एकदाच धरायचं असतं. इम्प्रेशन्सची रोजची बेरीज महिन्याच्या आकड्याशी जुळते, रीचची जुळत नाही. चार आठवड्यांचे चार स्क्रीनशॉट जोडून महिन्याचा रीच काढता येत नाही. त्यासाठी डॅशबोर्डवर तारखांची निवड बदलून तो आकडा नव्यानेच मागावा लागतो.

ही चूक खुद्द फेसबुकच्या हातून झाली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की पेज चालवणाऱ्यांना दिसणाऱ्या डॅशबोर्डवर ७ आणि २८ दिवसांच्या रीचचा एक सारांश-आकडा मे महिन्यापासून चुकीचा दाखवला जात होता. रोजच्या रीचची सरळ बेरीज केली गेली होती, पुन्हा पुन्हा येणारे लोक वजा केले गेले नव्हते. दुरुस्तीनंतर ७ दिवसांचा आकडा सरासरी ३३ टक्क्यांनी आणि २८ दिवसांचा ५५ टक्क्यांनी कमी होईल, असं कंपनीने सांगितलं. मुदत जितकी लांब, तितकी तीच माणसं परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून फुगवटाही मोठा. आतल्या सविस्तर आलेखांमधले आकडे बरोबर होते. वरच्या ठळक आकड्यावर विसंबलेले लोक फसले.

एंगेजमेंट ही तिसऱ्याच गोष्टीची मोजणी आहे. पोस्ट पाहून कुणीतरी काहीतरी केलं, याची. मामाच्या ९३० मध्ये ७६० लाइक, ६० कमेंट, ६५ शेअर आणि ४५ सेव्ह आहेत. इथेही ९३० माणसं नाहीत, कारण लाइक करून, कमेंट लिहून, शेअर करणारा एकच जण तीनदा मोजला जातो. शिवाय हे सगळे सारख्या तोलाचे नाहीत. लाइक करायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. ‘पाच डझनाची पेटी ठाण्याला कितीला पडेल?’ ही कमेंट मात्र गिऱ्हाइकाची आहे, आणि भावपत्रकाची पोस्ट सेव्ह करणाऱ्याच्या मनात बहुधा परत येण्याचा विचार आहे. बेरजेमागे झाकलेले हे छोटे आकडे मामाने आधी वाचायला हवेत.

टक्केवारीपाशी तर जास्तच सावध राहावं लागतं. खात्याचे एकूण फॉलोअर ४,६५० आहेत असं धरू. ९३० ला फॉलोअरांनी भागलं तर एंगेजमेंटचा दर २० टक्के येतो, रीचने भागलं तर साडेसात टक्के आणि इम्प्रेशन्सने भागलं तर ३ टक्के. तिन्ही पद्धती प्रचलित आहेत, हिशेब तिन्हींचा बरोबर आहे. म्हणून कुणी नुसतं ‘आमचा दर २० टक्के’ म्हणालं, तर भागलं कशाने हे विचारल्याशिवाय दुसऱ्या खात्याशी तुलना करू नये. मामाच्या बाबतीत साडेसात हाच आकडा उपयोगी, कारण त्याच्या १२,४०० पैकी समजा ९,५०० खाती त्याला फॉलोच करत नाहीत. त्यांनी केलेले लाइक फॉलोअरांच्या नावावर मांडले, की २० टक्क्यांसारखा सुखावणारा पण पोकळ दर तयार होतो.

याच फोडीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. ९,५०० वजा केल्यावर उरतात २,९००. म्हणजे ४,६५० फॉलोअरांपैकी १,७५० जणांच्या समोर महिन्याभरात मामाची एकही पोस्ट आली नाही. फॉलोअर असणं आणि पोस्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता राहिली फॉलोअर वाढ. १४० हा आकडा निव्वळ आहे. आत उघडून पाहिलं तर २१० जण आले आणि ७० जण गेले, असं दिसतं. गेलेले सगळे रुसून गेले असंही नाही, कारण बनावट खाती कंपनीच काढून टाकते. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने अशी मोठी साफसफाई केली, तेव्हा जस्टिन बीबरचे सुमारे ३५ लाख फॉलोअर घटले आणि इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या खात्याचे तर जवळपास १ कोटी ८९ लाख. त्यामुळे एकाच दिवशी आकडा खाली आला आणि त्या दिवशीच्या लाइक-कमेंटमध्ये काहीच फरक नसला, तर पोस्टमध्ये खोट शोधण्याआधी ही शक्यता तपासावी.

आकड्याशेजारी हिरवा बाण आणि ‘६४ टक्के वाढ’ असंही लिहिलेलं असतं. ही तुलना लगतच्या आधीच्या तेवढ्याच दिवसांशी होते. मामाच्या एप्रिलची तुलना मार्चशी झाली, जेव्हा बाजारात हापूस नुकताच येत होता. बाणात हंगाम किती आणि भाच्याची मेहनत किती, हे कळायला गेल्या वर्षीच्या एप्रिलचे आकडे शेजारी हवेत. ते जपून ठेवायचं काम भाच्याचं, कारण डॅशबोर्ड फार मागचं दाखवत नाही. स्क्रीनशॉट काढताना वरची तारखांची ओळ कापली गेली असेल, आणि जाहिरातीला पैसे देऊन मिळवलेला रीच वेगळा दाखवलेला नसेल, तर मामाने तो परत मागवावा. पेट्या किती गेल्या हे त्यात कुठेच नसतं. ते मामाच्या वहीत असतं, आणि भाच्याने ती वही मागवून कमेंटमध्ये भाव विचारणाऱ्यांची नावं तिच्याशी ताडून पाहिली, तर कुठल्या पोस्टने गिऱ्हाईक आणलं याचा थोडाफार माग लागू शकतो.