माझ्या नावे मांडा

"अर्धा किलो साखर आणि पाव किलो शेंगदाणे द्या. पैसे माझ्या नावे मांडा, पगार झाला की देते." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. पुस्तपालनाच्या वर्गात नव्याने बसलेल्या विद्यार्थ्याला 'नावे' आणि 'जमा' या दोन शब्दांनी घाम फुटतो. त्याची किल्ली मात्र याच वाक्यात आहे. तिथवर जाण्याआधी पहिल्या तासाला पडद्यावर येणारी ती एक ओळ समजून घेऊ:

मालमत्ता = देणी + भांडवल

डावीकडे दुकानापाशी काय काय आहे ते: गल्ल्यातली रोकड, माल, मांडण्या, गिऱ्हाइकांकडून येणं. उजवीकडे हे सगळं कोणाच्या पैशातून आलं ते. बाहेरच्यांचा पैसा म्हणजे देणी, मालकाचा पैसा म्हणजे भांडवल. हिशेबापुरतं दुकान हे मालकाहून वेगळं धरायचं. म्हणून मालकाने घातलेला पैसाही दुकानाने मालकाला द्यायचा असतो, आणि तो उजवीकडे बसतो.

आता एक दुकान उघडू. १ एप्रिलला काकूंनी साठवलेले १,००,००० रुपये दुकानात घातले. डावीकडे रोख १,००,०००, उजवीकडे भांडवल १,००,०००. दुसऱ्या दिवशी २०,००० रोख देऊन मांडण्या आणि वजनकाटा आणला. रोख ८०,००० झाली आणि सामान २०,००० आलं. पैशाने फक्त रूप बदललं, उजव्या बाजूला कोणी हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी ठोक व्यापाऱ्याकडून ४०,००० चा माल उधारीवर उतरला. आता डावीकडे १,४०,००० आणि उजवीकडे व्यापाऱ्याचं देणं ४०,००० अधिक भांडवल १,००,०००. दुकान भरलेलं दिसतं, पण काकूंचं भांडवल एका रुपयानेही वाढलेलं नाही.

५ तारखेला ८,००० ला पडलेला माल ९,२०० ला विकला गेला. त्यातले ६,००० रोख मिळाले, ३,२०० उधारीवर राहिले. डावीकडे माल ८,००० ने घटला, रोख आणि येणं मिळून ९,२०० ने वाढलं. डावी बाजू एकूण १,२०० ने वाढली. हे १,२०० उजवीकडे कोणाचे? व्यापाऱ्याचे नाहीत, म्हणजे मालकाचे. नफा म्हणतात तो हाच, आणि तो भांडवलात मिळतो. उधारीचे पैसे हातात आले नसले तरी नफा विक्रीच्या दिवशीच धरला जातो.

६ तारखेला व्यापाऱ्याला १५,००० चुकते केले. रोख तेवढी कमी झाली, देणंही तेवढंच कमी झालं. ७ तारखेला मुलाच्या फीसाठी गल्ल्यातून २,००० घरी नेले. याला उचल म्हणतात. तो दुकानाचा खर्च नाही. मालकाने आपल्याच भांडवलातून काढून घेतलेली ती रक्कम आहे.

आठवड्याअखेर गल्ल्यात ६९,००० उरले. नुसता गल्ला पाहिला तर वाटेल, लाखातले ३१,००० गेले. समीकरण वेगळं सांगतं. रोख ६९,०००, सामान २०,०००, माल ३२,००० आणि येणं ३,२०० अशी मालमत्ता १,२४,२०० ची आहे. देणं २५,००० उरलं आहे. वजा केलं की भांडवल ९९,२०० निघतं. लाखाला ८०० कमी पडले, कारण १,२०० कमावले आणि २,००० घरी नेले. धंद्यात तोटा झालेला नाही.

प्रत्येक व्यवहारानंतर असं समीकरण मांडत बसणं शक्य नसतं. म्हणून व्यवहार होतील तसे तारीखवार रोजकीर्दीत लिहितात. प्रत्येक नोंदीत किमान दोन खाती येतात आणि नावेची बेरीज जमेच्या बेरजेइतकीच असते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये चालत आलेली ही द्विनोंदी पद्धत लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली छापील ग्रंथात मांडली.

अडचण येते ती इथे. रोजच्या बोलण्यात 'जमा' म्हणजे पैसे आले. रोजकीर्दीत मात्र रोख आली की लिहायचं 'रोख खाते नावे'. हे उलटं का? सुरुवातीचं वाक्य आठवा. बाई माल घेऊन गेल्या, म्हणून रक्कम त्यांच्या नावे पडली. ज्याने घेतलं त्याच्या नावे, ज्याने दिलं त्याच्या खाती जमा. गल्ल्यालाही असाच एक माणूस समजा. त्याने ६,००० घेतले, म्हणून ते त्याच्या नावे. ५ तारखेची नोंद अशी होईल:

रोख खाते नावे ६,०००
गिऱ्हाइकाचे खाते नावे ३,२००
विक्री खाते जमा ९,२००
(माल काही रोखीने व काही उधारीवर विकला.)

पगार झाल्यावर बाई ३,२०० देतील तेव्हा रोख खाते नावे आणि बाईंचे खाते जमा. मालाच्या उधार खरेदीला खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा. फीच्या पैशाला उचल खाते नावे, रोख खाते जमा. बँकेच्या पासबुकाचा गोंधळही यातूनच सुटतो. आपण पैसे भरले की बँक ते आपल्या खाती जमा लिहिते, कारण तिच्या वहीत देणारे आपण असतो. आपल्या वहीत तेच पैसे बँक खात्याच्या नावे पडतात, कारण घेणारी ती.

विक्रीच्या नोंदीत ८,००० चा माल घटल्याचं कुठेच आलेलं नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. छोट्या दुकानात प्रत्येक पुड्याची पडती किंमत विक्रीच्या वेळी लिहीत नाहीत. हिशेबाच्या अखेरीस शिल्लक माल मोजतात. ४०,००० च्या खरेदीतून ३२,००० शिल्लक वजा केले की विकलेला माल ८,००० चा ठरतो आणि नफा पुन्हा १,२०० च येतो. म्हणूनच शिल्लक मोजताना चूक झाली, तर नफाही तेवढाच चुकतो.

रोजकीर्दीतून रकमा खतावणीत जातात आणि सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी करून तेरीज जुळवतात. बाईंच्या खात्यावर ३,२०० ऐवजी २,३०० चढवले, तर तेरीज ९०० ने अडेल. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली का ते आधी तपासावं, हा हिशेबनिसांचा जुना आडाखा आहे. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मात्र नाही. मांडण्यांचे २०,००० खरेदी खात्यात टाकले, तरी बेरजा जुळतातच. मग १,२०० नफ्याच्या जागी १८,८०० चा तोटा दिसतो. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी तेरीज तक्रार करत नाही. अशा चुका कागदाबाहेर सापडतात: गल्ला मोजून, व्यापाऱ्याच्या उताऱ्याशी आपलं देणं ताडून, गिऱ्हाइकाला त्याची बाकी विचारून.

सर्वांत जास्त राहून जाते ती उचलीची नोंद. रोज संध्याकाळी भाजीसाठी काढलेले शंभर-दोनशे कोणी लिहीत नाही आणि वर्षअखेर धंदाच बसला असं वाटू लागतं. दुकान चालवत असाल, तर आपल्याच गल्ल्यातून काही उचलताना तेही त्याच दिवशी आपल्या नावे मांडा.